मदत हवी आहे: अक्षरतक्त्यात च, ज, झ ला एक ओळ की दोन?

रेवाकाठ
लेकीसाठी घरीच अक्षरतक्ता करते आहे. रकाने तीन: अक्षर, शब्द, चित्र. क ते घ झालं आणि च-ज-झ पाशी चार दिवस अडकले. 'च चमच्याचा' लिहिलं, तर ती चंद्राचा आणि चमच्याचा च सारखाच म्हणते. एकाच ओळीत दोन शब्द घालू की दोन वेगळ्या ओळी करू? आणि ण, ळ, ङ, ञ यांनी सुरू होणारे शब्दच नाहीत, तिथे काय करायचं? शनिवारी छापायला द्यायचंय. कृपया लवकर सांगा.

निशिगंध
मुलीचं वय काय? वाचायला लागली आहे की फक्त चित्रं ओळखते? आणि 'सारखाच म्हणते' म्हणजे नेमकं कसं? चंद्र चमच्यासारखा म्हणते की चमचा चंद्रासारखा?

टंकलेखक
कशात करताय? वर्डमध्ये की लिब्रेऑफिसमध्ये? कागद कुठला? हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही.

पाटीपेन्सिल
दोन ओळींची गरजच नाही. नियम सोपा आहे. पुढे इ, ई, ए आला की चिमणीतला च, नाहीतर चमच्यातला. मूल बोलताना आपोआप बरोबर बोलतं. माझ्या दोन्ही मुलांना कुणी शिकवलं नाही, तक्ता तर नाहीच नाही.

भाऊसाहेब_जिप
पाटीपेन्सिल, नियम अर्धाच आहे. इ, ई, ए च्या आधी चिमणीतला च येतो हे खरं. पण उलट बाजूने तो टिकत नाही. चहा, चंद्र, चक्र यांत पुढे इ-ए काही नाही, तरी च चिमणीचाच. 'चार' म्हणून बघा आणि लगेच 'चारा' म्हणून बघा. पुढे आ दोन्हीकडे आहे, च वेगळा आहे. म्हणजे हे शब्दागणिक कानानेच शिकावं लागतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २८ वर्षं पहिलीला शिकवलं. मराठी घरातली मुलं हे चुकत नाहीत, कारण शाळेत येण्याआधी कान तयार असतो. म्हणून रेवाकाठ, माझा प्रश्न असा: घरी मुलीशी मराठीत कोण कोण बोलतं?

कौमुदी
माझ्या भाच्याचं उलट होतं, तो र ला ल म्हणायचा. 'लथ', 'लस्ता'. साडेपाचव्या वर्षी आपोआप गेलं. काळजी करू नका.

रेवाकाठ
कौमुदी, बोबडेपणा नाहीये. वय पाच पूर्ण. सुटी अक्षरं येतात, घर, नळ, कप वाचते. आम्ही इंदूरला असतो. मिस्टर हिंदीभाषक, शाळा इंग्रजी, मराठीत फक्त मी बोलते आणि आई दिवाळीत येते तेव्हा ती. लेक सगळे च चंद्रासारखे म्हणते. चाक, चूल, चमचा, सगळे. कागद ए-४, आडवा, लिब्रेऑफिस.

निशिगंध
हे आधी सांगायला हवं होतं! मग तक्त्याचा प्रश्नच वेगळा आहे.

भाऊसाहेब_जिप
बरोबर. तिच्याजवळ दुसरा च अजून नाहीच. हिंदीत एकच च आहे आणि 'चमचा' हा शब्द हिंदीतही आहे. बाबा तो एका तऱ्हेने म्हणतात, तुम्ही दुसऱ्या. तुमच्या घरासाठी चमचा हे सर्वांत वाईट चित्र आहे, चप्पलही तसंच. चित्र असं हवं की ते नाव तिने फक्त तुमच्या किंवा आजीच्या तोंडून ऐकलं असेल. चकली घ्या. आजी दिवाळीत येते म्हणता, म्हणजे ती सोऱ्यातून पडताना तिने पाहिलीच असेल.

छापण्याआधी एक चाचणी करा, अक्षर न दाखवता. दोन डबे ठेवा. एकावर चिमणीचं चित्र, एकावर चाकाचं. चकली, चेंडू, चहा, चाफा, चूल, चंद्र अशी सहा चित्रं द्या. नाव तुम्ही म्हणा, ती फक्त डबा निवडेल. तिला बोलायला लावू नका. सहापैकी पाच बरोबर पडली तर कान तयार आहे, जीभ मागून येईल. तीनच पडली तर ती अंदाजाने टाकते आहे. मग तक्त्यात दोन ओळी केल्या तरी तिला दोन्ही ओळी सारख्याच ऐकू येणार.

जीभ दाखवायची तर आरशासमोर. चाक म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं, 'त्स' च्या जवळ जातं. चिमणी म्हणताना जीभ मागे सरून टाळूला पसरट लागते.

पाटीपेन्सिल
भाऊसाहेब, चार-चारा मान्य. पण मग च खाली टिंब देऊन वेगळं अक्षरच दाखवा ना. काही जुन्या कोशांत देतात तसं. मुलाला लगेच कळेल.

निशिगंध
टिंब नको. पुढे कुठल्याही गोष्टीच्या पुस्तकात ते टिंब दिसणार नाही, मग तिला वाटेल अक्षर चुकलं आहे. मी रंग सुचवते. एकच च, चाकाच्या चित्राला निळी चौकट, चिमणीच्या चित्राला लाल.

पाटीपेन्सिल
रंग तरी पुस्तकात कुठे दिसणार आहे?

निशिगंध
रंग चित्राच्या चौकटीला आहे, अक्षराला नाही. अक्षर तसंच राहतं. फरक आहे.

मनमाड_मेल
मोडी लिपी शिकवायचा विचार केला आहे का? लहान वयात हात वळतो. आमच्याकडे आजोबांची मोडीतली पत्रं आहेत, कुणाला वाचता येत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

रेवाकाठ
सध्या देवनागरीच पुरे आहे हो. भाऊसाहेब, चाचणी आज करते. ण आणि ळ चं सांगा ना.

भाऊसाहेब_जिप
ण, ळ ने मराठीत शब्द सुरू होत नाही, म्हणून जुन्या तक्त्यात 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा' असतं. ते चालेल, पण बाण आणि बाळ या दोन्हींत काना आहे आणि तुमची मुलगी सुटी अक्षरं वाचते. तिला नळ येतो म्हणालात ना? मग ळ साठी नळच घ्या आणि फक्त ळ ठळक छापा. ण साठी फणस, मधला ण ठळक. म्हणजे ओळखीच्या अक्षरांत एकच नवं राहतं. नळ-नल हे तिला कानाने वेगळे कळतात का तेही बघा, कारण हिंदीत नळाला नल म्हणतात. तिथेही तोच घोटाळा व्हायचा.

ङ, ञ ला चित्र देऊ नका. ते उच्चार तिला पतंग, इंजिन या शब्दांतल्या अनुस्वारात ऐकू येतातच. तक्त्यात अक्षर ठेवा, चित्राचा चौकोन रिकामा.

कौमुदी
रिकामा चौकोन बघून मूल विचारणार. मी तर तिथे गणपती चिकटवला असता.

टंकलेखक
लिब्रेऑफिस म्हणालात म्हणून सांगतो. ल आणि श तपासा. बऱ्याच फाँटमध्ये मुळात हिंदी वळणाचे ल-श येतात. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली, ५२ वर्ण, आणि मराठी वळणाचे ल-श तिथे आहेत. तुमच्या गावात मिळणारे तयार तक्ते हिंदीचे, त्यात ल वेगळा. नोटो सान्स देवनागरीत दोन्ही वळणं आहेत, फक्त मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते. ती हिंदीवर राहिली असेल तर ल बदलत नाही आणि माणूस फाँटला दोष देत बसतो. वेबपानावर करत असाल तर इतकंच:

```html
<table lang="mr">
```

आणि ॲ टंकताना ऍ टंकू नका. मराठीत अ वर चंद्र, ए वर नाही.

रेवाकाठ
टंकलेखक, ल खरंच हिंदीचा निघाला! भाषा बदलली, झाला. मनापासून आभार.

रेवाकाठ (दोन दिवसांनी)
डब्यांची चाचणी दोनदा केली. पहिल्यांदा सहापैकी तीन. काल रात्री चार. चकली, चूल आणि चेंडू दोन्ही वेळा बरोबर. चाफा पहिल्यांदा चिमणीत गेला, काल नीट पडला. चहा आणि चंद्र दोन्ही वेळा चाकाच्या डब्यात. आणि एक गोष्ट लक्षात आली. मी जेवताना 'एक चमचा घे' आणि 'दोन चमचे घे' म्हणाले, तर ती थांबली आणि म्हणाली, "तू वेगळं वेगळं म्हणतेस." मी स्वतः कधी ऐकलं नव्हतं हे! चमचा आणि चमचे यांत शेवटचा च बदलतो.

भाऊसाहेब_जिप
हेच हवं होतं. ती ऐकायला लागली. चमचे मध्ये पुढे ए आला म्हणून च बदलला, पाटीपेन्सिलचा नियम इथे लागू पडतो. 'च चमच्याचा' हे सावकाश म्हणून बघा. त्यात दोन्ही च आहेत, च्या चिमणीतला आणि शेवटचा चा चाकातला. पाच वर्षांच्या मुलीला अक्षर शिकवायला निवडलेलं वाक्यच तिला दोन्हीकडे ओढतं. म्हणून तुमच्या तक्त्यात 'च चकलीचा' असंही लिहू नका, नुसतं 'चकली' लिहा.

चहा आणि चंद्र चुकतात, कारण चाक, चूल, चकली ऐकल्यावर पुढे इ-ए नसला की चाकाचा डबा असं तिने मनात बसवलं आहे. तोच अर्धा नियम, तिने स्वतः शोधलेला. घाई करू नका. छापताना असं करा:

| अक्षर | शब्द | चित्र |
|---|---|---|
| च | चकली, चहा | निळी चौकट, लाल चौकट |
| ज | जखम, जहाज | निळी चौकट, लाल चौकट |
| झ | झरा | निळी चौकट |

शब्द असे घेतले आहेत की पहिल्या अक्षराला काना-मात्रा नाही. झ ला लाल चौकटीचं असं सुटं चित्र मला सुचलं नाही. झेंडा आहे, पण त्याला मात्रा आहे, तो बाराखडीच्या वेळी द्या. जखम म्हणजे गुडघ्यावर पट्टी लावलेलं मूल काढा, ते लगेच कळतं.

पाटीपेन्सिल
माझा नियम थोडा तरी कामी आला. पण चिंच विसरलात. एकाच शब्दात पहिला च चिमणीतला, शेवटचा चाकातला. हिंदीत इमली, त्यामुळे गोंधळ नाही. तिला आवडत असेल तर हाच शब्द घ्या.

भाऊसाहेब_जिप
चिंच चांगली आहे, पण वेलांटी आणि अनुस्वार दोन्ही आले. डब्यांच्या खेळात घ्या, तक्त्यात नको.

निशिगंध
माझ्या मते तक्त्यातही चालेल, वाचायचं नाही, चित्र बघून म्हणायचंय ना.

रेवाकाठ
वाचायचंही आहे. म्हणून चिंच डब्यात टाकते, खऱ्या चिंचेसकट. छपाई पुढच्या शनिवारवर ढकलली आहे. तोवर चहा-चंद्र चिमणीच्या डब्यात पडले तर सांगते. एकच राहिलं: तिचे बाबा जहाज आणि जखम दोन्ही आपल्या पद्धतीने म्हणतात. त्यांना तक्ता वाचून दाखवू द्यायचा की मीच दाखवायचा?

कौमुदी
बाबांना दाखवू द्याच. नाहीतर ते तक्त्याजवळ फिरकणारच नाहीत.

भाऊसाहेब_जिप
क, ख, ग, घ बाबांनी. च, ज, झ, ळ तुम्ही, निदान पहिला महिना.