मदत हवी: दोघेही शिकतो, एका घरात राहतो, तरी भेट होत नाही. पैशांचा मार्ग सांगा

रात्रपाळी_सांखळी: आम्ही नवरा-बायको दोघेही मास्टर्स करतोय. एकच खोली, भाडं 640 युरो. मी आठवड्यातून तीन रात्री पार्सलच्या गोदामात जातो, ती दिवसा कॉलेजात. मी घरी येतो तेव्हा ती निघण्याच्या घाईत असते. ती परत येते तेव्हा मी तरी झोपलेला असतो, नाहीतर निघालेला. बोलणं होतं ते भाड्याचं आणि परीक्षेचं, आणि त्यातूनच भांडण. पाळ्या कमी केल्या तर पैसे पुरत नाहीत. काय करायचं? 'एकमेकांशी बोला' हा सल्ला नको, तो दोघांच्या आयांकडून रोज मिळतो.

कुळागर: बाबा, देश कुठला? युरो म्हणजे अर्धा नकाशा झाला. व्हिसा दोघांचा वेगळा, की एक दुसऱ्याच्या नावावर?

म्हापशेकर_लंडन: इथे जानेवारी 2024 पासून बहुतेक मास्टर्सवाल्यांना जोडीदार आणताच येत नाही, तुम्ही नशीबवान. माझा पुतण्या एकटाच आला. तीन जणांत एक स्वयंपाकघर, फ्रीजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. पहिल्या चवथीला तो इतका रडला की...

रात्रपाळी_सांखळी: काका, मी लंडनचं विचारलेलं नाही. जर्मनी. दोघांचेही स्टुडंट व्हिसा स्वतंत्र.

नियमवाला: मग आधी हे बघा. तिथे विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवसच काम करता येतं. चार तासांच्या वरची पाळी म्हणजे अख्खा दिवस. तीन रात्री गुणिले 52 म्हणजे 156. तुम्ही मर्यादा ओलांडताय. व्हिसा वाढवताना अडकाल.

रात्रपाळी_सांखळी: आता हे नवीनच. घाबरवू नका हो.

मागे_राहून_आलेली: घाबरू नका. मी आणि माझे यजमान तिथे पाच वर्षं होतो, दोघेही विद्यार्थी. नियमवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. 140 चा आकडा खरा, पण 2024 च्या बदलानंतर आठवड्याचा हिशेबही चालतो. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या आत काम केलं तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरतात, आणि जो हिशेब तुमच्या फायद्याचा तो लागू होतो. पाळी किती तासांची?

रात्रपाळी_सांखळी: सहा. म्हणजे आठवड्याला 18.

मागे_राहून_आलेली: मग ठीक आहे. पगाराच्या चिठ्ठ्या मात्र जपून ठेवा. आता तीन गोष्टी सांगा. दोघांचा आरोग्य विमा सरकारी की स्वस्तातला खाजगी? बायको काही कमावते का? आणि गोव्यातल्या नागरी नोंदणीत लग्नाच्या दोन्ही सह्या झाल्यात का?

रात्रपाळी_सांखळी: विमा दोघांचा सरकारी, प्रत्येकी दीडशेच्या आसपास महिन्याला. ती कॉलेजच्या लायब्ररीत मिनीजॉब करते, 480 मिळतात. दुसरी सही निघायच्या आदल्या आठवड्यात झाली, दाखला आईच्या कपाटात आहे. पण ह्याचा आणि आमच्या भेटीचा काय संबंध?

मांद्रेचा_वारा: दाखला कशाला? देवळात लग्न लागलं ना, देवस्थानाची पावती दाखवा.

कुळागर: अहो, गोव्यात लग्न कायद्याने उभं राहतं ते नागरी नोंदणीत. पावती फक्त देवाला चालते.

मागे_राहून_आलेली: संबंध असा. तुम्ही दोघे दोन विम्यांचे पैसे भरताय. नवरा-बायको असाल आणि एकाची कमाई मर्यादेच्या आत असेल, तर त्याला दुसऱ्याच्या सरकारी विम्यात फुकट घेतात. फामिलिएनफेर्झिशरुंग म्हणतात त्याला. मिनीजॉब असेल तर 2026 ची मर्यादा महिना 603 युरो, ती 480 वर आहे, म्हणजे बसते. तुमची कमाई त्याहून जास्त आहे, म्हणून तुम्ही सभासद राहायचं आणि तिने तुमच्या विम्यात यायचं, उलट नाही. विमा कंपनीकडून फॉर्म मागवा. दाखला आईकडून मागवून मान्यताप्राप्त अनुवादकाकडून जर्मन करून घ्या. कॉलेजला तिच्या विम्याचं नवं कळवणं जायला हवं, तेही विमा कंपनीलाच विचारा. आणि तिची कमाई पुढे वाढली तर स्वतःहून कळवा, नाहीतर मागचे पैसे एकदम मागतात.

आता दीडशे युरो वाचले. गोदामात तासाला किमान वेतन 13.90, पेन्शन वजा जाता हातात साडेबाराच्या आसपास. म्हणजे वाचलेले पैसे साधारण बारा तासांचे, तुमच्या दोन पाळ्यांचे. महिन्यातल्या तेरा रात्रींपैकी दोन तुम्ही काही न गमावता सोडू शकता. फार नाही, पण मला विचाराल तर ते पैसे बँकेत टाकू नका, त्या दोन रात्रीच घ्या.

नियमवाला: आणि खाजगी विमा असता तर? सरकारीत परतच जाता येतं की.

मागे_राहून_आलेली: सरकारीतून सूट घेतलेली असेल तर शिक्षण संपेपर्यंत सहसा परत येता येत नाही. म्हणूनच आधी विचारलं.

फातोर्ड्याचा_सायबा: एवढी उठाठेव कशाला? आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मले असतील तर पोर्तुगीज पासपोर्ट काढा. तासांची मर्यादाच नाही.

कुळागर: आणि भारतीय पासपोर्ट गेला तो? दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. पोराने दोन रात्री मागितल्यात, तुम्ही देश बदलायला सांगताय!

फातोर्ड्याचा_सायबा: अर्ध्या सासष्टीने हेच केलंय. विचारा जाऊन.

म्हापशेकर_लंडन: पासपोर्टचं मी सांगतो, माझ्या मेव्हण्याने...

पाण्याची_टाकी: रेडिओ-टीव्हीचा कर दोघांनी भरत असाल तर एक बंद करा. तो घरामागे असतो, माणसामागे नाही. 18.36 महिना.

रात्रपाळी_सांखळी: कर एकच भरतो. विम्याचा फॉर्म आज मागवतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पण कुठल्या रात्री सोडू? गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा पाळ्या आहेत. शनिवारची रात्र रविवारात जाते, जादा पैसे मिळतात, ती नाही सोडणार. म्हणून गुरुवार म्हणतो.

सांखळीची_सून: मी ह्यांची बायको. धागा मला बहिणीने पाठवला, ह्यांनी नाही. गुरुवार नको, शुक्रवार सोडा. गुरुवारी मी रात्री दहापर्यंत लॅबमध्येच असते, तुम्ही घरी असलात काय आणि नसलात काय. शुक्रवारी दुपारी वसतिगृहातली सगळी मुलं चाकांच्या बॅगा घेऊन आपापल्या गावी जातात. मजल्यावर मी एकटी असते. स्वयंपाकघरात दिव्याला सेन्सर आहे. जेवताना हलले नाही तर तो विझतो, मग हात वर करायचा. आईला फोन लावावा तर तिकडे मध्यरात्र.

कुळागर: बाबा, उत्तर मिळालं.

रात्रपाळी_सांखळी: दिव्याचं तू मला कधी सांगितलं नाहीस. शुक्रवारचं अवघड आहे, त्या रात्री गोदामात माणसं कमी असतात, मुकादम सोडत नाही.

मागे_राहून_आलेली: लेखी विचारा आणि महिन्यातून दोनच मागा, एकाआड एक शुक्रवार. नाही म्हणाला तर कॉलेजातच सहायकाचं काम बघा. त्याचे दिवस त्या 140 त मोजत नाहीत, आणि कामही बहुतेक दिवसाचं असतं. पण सेमिस्टरच्या मध्यात मिळणं कठीण. आणि घरी फोन दोघांनी मिळून रविवारी दुपारी करा, रोज वेगवेगळा नको. आमचा मोकळा वेळ त्यातच जायचा.

सांखळीची_सून: रविवारी दुपारी हे झोपलेले असतात.

म्हापशेकर_लंडन: पुतण्याला शेवटी एक वेर्ण्याचा मुलगा भेटला, आता दोघे मिळून रविवारी शीत-कडी करतात. तुमच्या शहरात गोंयकार नाहीत का कोणी?