गावच्या सणाबद्दल जुन्या माणसांशी बोलताना तुमचा कुठला समज बदलला? (अनुभव धागा)

शोधवही

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या शिमग्यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. गावाचं नाव देत नाही, तिथे मानाचे वाद अजून ताजे आहेत. आधी माझं सांगते, मग तुम्हीही लिहा.

शिमग्याचं एक जुनं, अस्सल रूप असणार आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून ते जुळवून काढायचं, असं मी धरून चालले होते. म्हणून सगळ्यांना एकच विचारायचे, "पूर्वी शिमगा कसा व्हायचा?" उत्तरं जुळत नव्हती. वरच्या वाडीतले आजोबा म्हणाले, होळी आमची वाडी पेटवते. गुरवकाका म्हणाले, होमाला अग्नी गुरवच देणार, दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. मी दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह केलं. आजोबा ऐंशीच्या पुढचे, त्यांच्या आठवणीत गडबड असेल असं मनात ठरवूनही टाकलं.

आजोबांच्या घरातल्या आजी पडवीत तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो बाय, कुठली होळी ता आधी इचार ना." फागपंचमीपासून रोज रात्री लहान होळी लागते, तिची लाकडं-शेणी वाडीतली पोरं गोळा करतात. ती पेटवणारं घर त्या वाडीतलं. शेवटी देवळापुढे झाड उभं करून मोठा होम होतो, तो गुरवाचा. दोघं खरंच बोलत होते, आपापल्या होळीबद्दल.

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. "शिमग्यात तुमच्या घराकडे काय असतं?" असं विचारलं की माणसं खुलतात. होळीच्या झाडावर पहिला घाव कुणाचा, दोर कुणाचा, ढोल कुणाकडे, निशाण कोण धरणार, सगळं नीट सांगतात. शेजारच्या घराचं विचारलं तर "त्यांना इचारा" म्हणून थांबतात. पूर्वी मला हे टाळणं वाटायचं. आता कळतं की दुसऱ्याच्या मानाबद्दल बोलायचा त्यांना अधिकारच नाही, आणि तो नसताना बोलू नये ही तिथली शिस्त आहे. "का?" या प्रश्नाला मात्र कायम "रीत हाय" एवढंच उत्तर येतं.

मुलाखतींच्या यादीत मी एकही बाई घेतली नव्हती. पालखी पुरुष नाचवतात, मानकरी पुरुष, म्हणून. प्रत्यक्षात पालखी कुठल्या घरानंतर कुठल्या घरी जाते हा सगळा क्रम त्या आजींना तोंडपाठ होता. पालखी दारात यायच्या आधी अंगण सारवून ओटी तयार ठेवायची म्हणजे क्रम ठाऊक असावाच लागतो. पालखीपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो, त्यात घरची अडचण येते, मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण. ते त्याला कोण सांगतं? "मीच आधी कानावर घालतंय." देवापुढे कुठल्या घराने काय नवस बोललाय, कुणाचा फेडायचा राहिलाय, हेही त्यांच्याकडेच.

एका घरी पालखी जायची थांबली, ती कधी? आजी म्हणाल्या, "भूकंप झाला ना, त्याच्यामागल्या शिमग्यात." कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे शिमगा 1968 चा. पुरुष मंडळींपैकी कुणी मला साल एवढं नेमकं सांगितलं नव्हतं.

एक गुंता मात्र सुटलेला नाही. पालखी ठेवतात त्या सहाणेवरून ती उठताना पहिला खांदा कुणाचा, यावर दोन वाड्या दोन गोष्टी सांगतात.

निवृत्त गुरुजी

ताई, प्रश्न बदललात हे फार बरं केलंत. त्यात एक भर घाला, गावाचा शिमगा तेरसा की भद्रेचा ते आधी विचारा. काही गावांत होम त्रयोदशीला लागतो, काहींत पौर्णिमेला. शेजारच्या दोन गावांत दोन तऱ्हा असतात. लग्न होऊन आलेली बाई बोलताना कधी माहेरचा शिमगा सांगते, कधी सासरचा. कुठल्या गावाचं चाललंय हे दर वेळी विचारून घ्या, नाहीतर पुन्हा विसंगती दिसेल.

खोतीचंही बघा. 1949 च्या कायद्याने खोती गेली. जमिनीचे हक्क बदलले, देवळातला मान बऱ्याच गावांत तसाच राहिला. पहिल्या खांद्याचा वाद मला तिथलाच वाटतो, पण तुमचं गाव मी पाहिलेलं नाही.

कुडाळी

शिमग्यात पालखी कुठून आली? शिमगा म्हणजे मांड आणि रोंबाट. घरोघर पालखी फिरवणं हे अलीकडचं असणार.

निवृत्त गुरुजी

कुडाळकर, रोंबाट तुमच्याकडचं खरंच. पण आमच्या रत्नागिरीकडे पालखीशिवाय शिमगा नाही, आणि ते अलीकडचं नाही. माझ्या आजीच्या तोंडी पालखीच्या फेऱ्या होत्या.

परळचा चाकरमानी

मॅडम, माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देईल का? निशाण धरायचा मान आमच्या घराकडे. वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर घरात पैसा नव्हता, गावी जाणं बंद झालं. ती वर्षं चुलत्यांनी निशाण धरलं. आता आम्ही दरवर्षी जातो, मुलगाही येतो, पण निशाण त्यांच्याचकडे. चुलते म्हणतात, जो गावात राहतो त्याचा मान. जुन्या माणसांना विचारलं तर "तुमचं घरातलं हाय, घरात मिटवा" म्हणतात. तुमच्या वहीत असं काही लिहिलेलं सापडलं तर मला चालेल. कागद लागतो.

माहेरवाशीण

मी अशाच एका गावची लेक. ताईंनी बायकांबद्दल लिहिलं ते वाचून बरं वाटलं, पण एक सांगते. आमच्याकडे मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीने आईला पुरुषांच्या समोरच विचारलं. आई "मला काय ठाव नाय" म्हणाली. तीच आई रात्री भाकऱ्या थापताना मला तासभर सांगत बसते. बायकांना माहीत नसतं असं लिहून ती मुलगी गेली असेल. विहिरीवर, नाहीतर चुलीशी बसून विचारा, आणि रेकॉर्डर ठेवायचा असेल तर आधी सांगा.

शोधवही

माहेरवाशीण, आजी बोलल्या त्याही आजोबा उठून गोठ्याकडे गेल्यावरच. हे मी निबंधात लिहिणार आहे, कोण समोर असताना काय बोललं गेलं ते.

चाकरमानी दादा, तुमच्यामुळे मला रात्रभर झोप नाही. दोन्ही वाड्यांना वही वाचून दाखवायची, चुकलं असेल ते दुरुस्त करून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. तीच वही उद्या कुणी पंचांपुढे ठेवली तर?

निवृत्त गुरुजी

ठेवतीलच. गावात छापलेल्या कागदाला फार वजन असतं. पहिल्या खांद्याचं वाचून दाखवू नका, दोन्ही म्हणणी सांगणाऱ्याच्या वाडीसह वेगवेगळी लिहा आणि "मूळ मान" हे शब्द कुठेच वापरू नका. बाकीचं वाचून दाखवा.

परळचा चाकरमानी

गुरुजी, मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? वर्षभर गावात नसलेल्याचं म्हणणं कुणाच्या वहीत येणार?

शोधवही

दादा, हे मी विचारलंच नव्हतं. गावातल्या घरांची यादी केली, मुंबईतल्यांची नाही. माझ्या गावातल्याही बऱ्याच घरांना कुलूप असतं, ती शिमग्याला उघडतात. पुढच्या महिन्यात लालबाग-परळला येते आहे. तुमच्या ओळखीत त्या तालुक्यातली जुनी गिरणी कामगार मंडळी असतील तर भेटवाल का?

माहेरवाशीण

त्यांच्या बायकांनाही भेटा. मुंबईहून ओटीचं सामान कोण पाठवायचं ते त्याच सांगतील.