टॉवर डिफेन्स: डोकं लागतं की नुसते पैसे?

निवांत_गडी
टॉवर डिफेन्सवाल्यांना एवढा कसला गर्व असतो कळत नाही. शत्रू ठरलेल्या रस्त्याने मुंग्यांसारखे येणार. आपण पैसे साठवायचे, सगळ्यात महागडा टॉवर घ्यायचा, तो कुठेही ठेवायचा आणि बघत बसायचं. रस्ता म्हणजे नुसती सजावट. यात डोकं कुठे लागतं, कुणी सांगेल का?

कोपऱ्यातला
सांगतो. "कुठेही ठेवायचा" हे वाचून राहवलं नाही, लांबलचक होईल.

टॉवर किती मारतो हे त्याच्या किमतीवर ठरत नाही. शत्रू त्याच्या रेंजमध्ये किती वेळ चालतो, त्यावर ठरतं. साधा टॉवर घ्या, रेंज ३ घरं, सेकंदाला २० डॅमेज. शत्रूची ताकद २०० आणि तो सेकंदाला एक घर चालतो. रस्ता सरळ आहे आणि टॉवर त्याला लागून, एका घरावर. म्हणजे रेंजच्या गोलातून रस्त्याचा साधारण ५.७ घरांचा तुकडा जातो. पावणेसहा सेकंद मिळाले, ११३ डॅमेज झाला, शत्रू निम्म्याच्या आसपास ताकद घेऊन निघून गेला.

आता हाच टॉवर हेअरपिन वळणावर न्या. रस्ता जातो, दोन घरं आडवा सरकतो आणि समांतर परत येतो. दोन्ही लेनच्या मधल्या पट्टीत, वळणापासून दोन घरं आत टॉवर ठेवा. जाणारी लेन, येणारी लेन आणि वळणाचा आडवा तुकडा मिळून ११.७ घरं रेंजमध्ये येतात. २३३ डॅमेज. शत्रू मेला. एक पैसा जास्त गेला नाही.

आणि गंमत बघा. नवे खेळाडू "वळणावर ठेवा" एवढंच ऐकतात आणि टॉवर वळणाच्या बाहेरच्या अंगाला, टोकाशी लावतात. तिथून मोजलं तर बरोबर ५.७ घरं येतात, म्हणजे सरळ रस्त्याइतकीच. अगदी टोकाला चिकटून पण आतल्या बाजूने ठेवला, तरी ९.७ वर अडकतो. दोन घरं आत सरकवा, मग पूर्ण उत्पन्न.

तुमच्या महागड्या टॉवरचंही तेच. चार सेकंदांनी एकदा २०० मारणारी तोफ १० ताकदीच्या किड्यांच्या झुंडीपुढे उभी केली, तर प्रत्येक गोळीतले १९० वाया. तोवर मागचे पंधरा दारातून बाहेर.

निवांत_गडी
वा, भूमितीचा तास. गेम खेळतोय की सर्वे करतोय? मी ब्लून्स खेळतो, तिथे कोपरे न मोजताही लेव्हल पार होतात.

कोपऱ्यातला
सोप्या लेव्हल होणारच. गेमवाल्यांनाही गिऱ्हाईक टिकवायचं असतं.

भूलभुलैया
कोपऱ्यातला यांच्याशी सहमत, पण ठरलेला रस्ता हे मुळात बाळबोध. खरं टॉवर डिफेन्स म्हणजे मोकळं मैदान, जिथे टॉवर हीच भिंत. २००७ चं डेस्कटॉप टॉवर डिफेन्स ज्यांनी खेळलं त्यांना कळेल. शत्रू सगळ्यात जवळचा रस्ता शोधतो, आपण तो लांब करायचा. ११ उभ्या रांगा आणि ७ आडव्या ओळींचं मैदान धरा, दार डावीकडे मधल्या ओळीत, बाहेर पडायचं उजवीकडे मधल्याच ओळीत. मोकळं असेल तर १० पावलांत पार. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या रांगेत सहा-सहा टॉवरची भिंत घाला, फट एकदा वर, एकदा खाली. २४ टॉवरमध्ये तीच वाट ३४ पावलांची होते. जितका लांब मेझ तितका विजय पक्का, विषय संपला.

कोपऱ्यातला
निम्मं बरोबर. ३४ मान्य, मी पण मोजले. पण लांबी एकटी काही मारत नाही. मैदानाच्या कडेने वीस घरं फिरवलंत आणि तिथे एकाही टॉवरची रेंज पोचत नसेल, तर शत्रूला फक्त फेरफटका मिळाला. तुमचा साप चालतो कारण लेन दोन-दोन घरांवर आहेत आणि भिंतीतला टॉवर दोन्ही बाजूंना मारतो. श्रेय लांबीला देऊ नका, जवळ-जवळ घातलेल्या घड्यांना द्या.

स्लो टॉवरही तिथेच. निम्मा वेग केलात तर त्याच रेंजमध्ये दुप्पट वेळ मिळतो, पण स्लो चालू असताना शत्रू मारक टॉवरच्या रेंजमध्ये असला पाहिजे. पुढच्या रिकाम्या पट्ट्यात तो रेंगाळला तर काय उपयोग?

कीबोर्डचा_कारकून
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण तुम्ही रस्त्याचं बोलताय म्हणून इथेच विचारतो. फावल्या वेळात मी स्वतःचा टॉवर डिफेन्स लिहितोय. टॉवर ठेवताना दार बंद होतंय का ते तपासतो, होत असेल तर ठेवू देत नाही. तरी कधीकधी वेव्ह संपतच नाही. वर "शिल्लक शत्रू १" दिसतं आणि पुढची वेव्ह येत नाही. दोन रविवार गेले. वाट शोधायला प्रत्येक शत्रू स्वतःचा A* चालवतो, त्यात चूक असेल का?

कोपऱ्यातला
A* बहुधा निर्दोष आहे. तुम्ही तपासता काय, की प्रवेशदारापासून बाहेर जायला वाट आहे का. पण टॉवर ठेवताना जो शत्रू आधीच आत होता, तो एखाद्या कप्प्यात कोंडला गेला तर? दाराची वाट शाबूत, तपासणी पास आणि हे महाशय चार भिंतींत उभे. तो एक तोच.

आणि प्रत्येकाला वेगळा A* कशाला? बाहेर पडायच्या घराला ० द्या, शेजारच्यांना १, त्यांच्या शेजाऱ्यांना २, असं सगळं मैदान एकदाच भरा. प्रत्येक शत्रूने शेजारच्या लहान आकड्याकडे चालायचं. टॉवर ठेवण्याआधी हीच भरणी तात्पुरती करून बघा. दाराला किंवा ज्यावर शत्रू उभा आहे अशा कुठल्याही घराला आकडा मिळाला नाही, तर नकार द्या.

कीबोर्डचा_कारकून
तसंच होतं! एक जण खरंच टॉवरांच्या मधोमध उभा आहे. इतके दिवस मला वाटलं ते चित्र रंगवताना राहिलंय. __/\__

रिकामटेकडी
मेझवाल्यांचं कौतुक पुरे. मूळ दुखणं कुणी बोलतच नाही: जगलिंग. मी आणि माझा भाचा एकाच मैदानावर स्कोअर लावून खेळायचो. मी तासभर घालून नीट मेझ बांधला. त्याने काय केलं? भिंतीला दोन टोकांना दोन फटी, त्यातली एक टॉवर ठेवून बंद. झुंड उघड्या फटीशी पोचायला तीन घरं राहिली की दुसरीतला टॉवर विकायचा आणि लगेच ही बंद करायची. सगळे माघारी वळून पुन्हा त्याच टॉवरांसमोरून दुसऱ्या टोकाला. तिथे पोचायच्या आत परत उलट. बिचारे येरझाऱ्या घालून मेले. माझ्यापेक्षा निम्म्या टॉवरमध्ये जिंकला आणि वर दात काढतो. याला कौशल्य म्हणायचं?

भूलभुलैया
म्हणायचं. नियमात बसतं, विकताना पैसे कमी मिळतात, वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तर झुंड आरपार. ताई, हरलात म्हणून नियम वाईट होत नाहीत.

रिकामटेकडी
ताई म्हणून टोमणा मारायची गरज नाही. नियमात बसतं हे वाक्य पळवाटा काढणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी असतं. मग काही गेममध्ये वेव्ह चालू असताना टॉवर विकणं का बंद केलंय? बनवणाऱ्यालाच ती चोरी वाटली म्हणून ना?

भूलभुलैया
चोरी नाही, त्यांना अवघड वाटली म्हणून. प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज खेळा मग. ठरलेल्या ओळी, झॉम्बी सहसा आपली ओळ सोडत नाही, कुणी फसवणार नाही.

रिकामटेकडी
खेळलेय, आणि त्यातही कुठलं झाड कुठल्या रांगेत यावरच सगळं आहे. मागे सूर्यफूल, पुढे अक्रोड. अक्रोड मागे ठेवून बघा.

कोपऱ्यातला
दोघंही जरा थंड घ्या. जगलिंगमध्ये भाचा तेच करतोय जे मी वर हेअरपिनबद्दल लिहिलं: त्याच टॉवरसमोरून शत्रूला पुन्हा चालवणं. फरक एवढाच की वळण तो हाताने बनवतो. मला स्वतःला बघायला आवडत नाही, पण चुकीचं म्हणायला कारण सापडत नाही.

रिकामटेकडी
म्हणजे कुंपणावर. अपेक्षा नव्हती.

निवांत_गडी
तुमची भांडणं चालू द्या. मी काल मुद्दाम भूलभुलैया साहेबांचा २४ टॉवरचा साप बांधला. छान चालला, नऊ वेव्ह एकही सुटला नाही. दहाव्या वेव्हला उडणारे आले आणि दारातून दारात सरळ रेषेत गेले. तुमची ३४ पावलं गेली पाण्यात. "विषय संपला" म्हणे.

भूलभुलैया
उडणाऱ्यांसाठी वेगळे टॉवर लागतात हे पण सांगायचं का?

निवांत_गडी
चार होते, विमानमारे. जिथे सगळी गर्दी वळते तिथे, अगदी वरच्या आणि खालच्या ओळीत ठेवले होते. एकाने पण गोळी झाडली नाही.

कोपऱ्यातला
रेंज ३ होती का?

निवांत_गडी
हो.

कोपऱ्यातला
उडणारे मधल्या, म्हणजे चौथ्या ओळीवरून जातात. पहिली आणि सातवी ओळ तिथून बरोबर तीन घरं. रेंजची कड त्यांच्या वाटेला नुसती टेकते, आत काही येत नाही. तेच चार टॉवर भिंतीतल्या तिसऱ्या किंवा पाचव्या ओळीत घाला, प्रत्येकाला साडेपाच घरांच्या वर मिळतील. फक्त पहिली आणि शेवटची भिंत टाळा, तिथे रेंजचा थोडा तुकडा मैदानाबाहेर वाया जातो.

निवांत_गडी
हलवले. दोन सुटले, बाकी पडले. ठीक आहे, "कुठेही" हा शब्द मागे घेतो. "महागडा" नाही घेणार, कारण सुटलेले दोघं थांबले ते विमानमारे अपग्रेड केल्यावरच.

भूलभुलैया
आणि मेझ लांब केला असता तर?

रिकामटेकडी
उडणाऱ्यांना? परत वाचा वरचं. आणि भाच्याची विमानं कशी गेली ते विचारा मला. दोन्ही फटी उघडझाप करत बसला होता, ती डोक्यावरून गेली तरी त्याला कळलं नाही.