सबस्क्रायबर ७ हजार, तरी ना पोस्ट ना पोल ना दुकान. चूक आपली की नियम आडमुठा?

रामबागची सून (इंदूर): यूट्यूबवर आमचं चॅनल आहे, सासूबाई बडबडगीतं म्हणतात आणि मी मधेमधे फराळाच्या रेसिपी टाकते. ७ हजारावर सबस्क्रायबर, पैसे सुरू, स्ट्राइक एकही नाही. Feature eligibility मधे सगळीकडे Enabled दिसतं, पण पोस्ट टाकायचा ऑप्शनच नाही, त्यामुळे पोलही नाही. सासूबाईंच्या कापडी बाहुल्या विकायच्यात तर चॅनलवर दुकान म्हणून त्या जोडायचीही सोय येत नाहीये. माझ्याहून छोट्या चॅनलांना आहे, मग मला का नाही?

भिया_छावनीवाला: ५०० सबस्क्रायबर लागतात ताई, ते झाल्यावर आठवड्याभरात येतं. थांबा थोडं.

जुना एडिटर: भिया, त्यांचे ७ हजार आहेत, वाचलंत तरी का. पोस्टसाठीची ५०० ची अट २०२१ ची, ती आता गेली. दुकानाला मात्र अजून आकडा लागतो, म्हणून घोळ होतो.
ताई, दोन गोष्टी बघून सांगा. तुमच्या गाण्यांखाली कमेंट बंद दिसतात का, आणि चॅनलवर घंटी आहे का?

रामबागची सून: कमेंट तर रेसिपीखाली पण बंद आहेत, मला वाटायचं लोकच लिहीत नाहीत 😅 घंटी नाही.

जुना एडिटर: मग सापडलं. Settings, Channel, Advanced settings मधे जा, तिथे पूर्ण चॅनल Made for kids केलेलं असणार. २०२० च्या सुरुवातीला सगळ्यांना विचारलं होतं तेव्हा बऱ्याच जणांनी गाणी मुलांची म्हणून "हो" दाबलं आणि विसरून गेले. ते असलं की पोस्ट बंद, घंटी बंद, कमेंट बंद. Feature eligibility ते सांगत नाही, तिथे फोन-ओळखपत्र वगैरे पडताळणीचंच दिसतं, म्हणून माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

बडोद्याची मावशी: माझं वेगळंच होतं हो. एक नंबर वर्षात दोनच चॅनलांना चालतो म्हणे, मी मुलाचा, माझा आणि भजनी मंडळाचा, तिन्हीकडे एकच दिला, तिसऱ्याला पडताळणीच होईना. ते तपासलंत का?

जुना एडिटर: मावशी, यांचं Enabled आहे, म्हणजे ते झालंय.

सराफ्याचा पाहुणा: दुकान सराफ्यात टाकायचंय का? रात्री भुट्टेका कीसच्या गाडीशेजारी बाहुल्या कोण घेणार 😂

भिया_छावनीवाला: अहो मग सरळ "मुलांसाठी नाही" करून टाका ना सगळं! फोन आईबापाच्या हातात असतो, गाणं तेच लावून देतात. चॅनल इंदूरचं, हे Made for kids ज्या अमेरिकेच्या मुलांच्या माहितीच्या कायद्यामुळे आलं, त्याच्याशी अपनला काय करायचंय?

जुना एडिटर: इथे माझा विरोध. फोन कोणाचा हा प्रश्नच नाही, गाणं कोणासाठी केलंय ते बघतात. तो कायदा अमेरिकेचा खरा, पण त्यावरूनच २०१९ मधे गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले, तेव्हापासून हे सेटिंग त्यांनी जगभरच्या चॅनलांना लावलं. आणि मोठ्यांनाही सुटका नाही. २०२५ मधे डिस्नेने १ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, तक्रार हीच की चॅनलवर "मुलांसाठी नाही" ठेवलं आणि मुलांचे व्हिडिओही त्याच खाली चढत गेले. शिवाय तुम्ही खोटं लावलं तर यूट्यूब स्वतः व्हिडिओला शिक्का मारतं, मग तो तुम्हाला काढता येत नाही, अपील करावं लागतं.

ताई, तिथलाच तिसरा पर्याय निवडा, प्रत्येक व्हिडिओचं वेगळं ठरवायचा. मग Content मधे गाणी एकत्र सिलेक्ट करून "हो", रेसिपी सिलेक्ट करून "नाही".

रामबागची सून (दोन दिवसांनी): केलं! १३४ व्हिडिओ, त्यातली ९१ गाणी, ४३ रेसिपी. आज पोस्टचा ऑप्शन आला, पोल पण टाकला, चकलीला भाजणी घरची की विकतची. पण बाहुल्या अजून जोडता येत नाहीत.

जुना एडिटर: ते लगेच येईल असं वाटत नाही. पोस्टला चॅनलचं सेटिंग बघतात, दुकानाला तेवढं पुरत नाही, चॅनलवर मुलांचे व्हिडिओ फार नसावेत अशीही अट आहे. "फार" म्हणजे किती ते आकड्यात लिहिलेलं नाही, पण १३४ मधे ९१ म्हणजे जास्तच की. माझं मत, रेसिपीचं चॅनल वेगळं काढा.

रामबागची सून: म्हणजे ७ हजार सोडून शून्यातून? आणि बाहुल्या तर गाणी ऐकणाऱ्यांनाच हव्यात, चकलीवाल्यांना नाहीत!

भिया_छावनीवाला: हेच तर मी म्हणतोय, ज्या आईला बाहुली घ्यायचीय तिलाच दाखवता येत नाही, हा कुठला न्याय.

जुना एडिटर: ती आई बघते की तीन वर्षाचं पोर बघतं, तेच तर ठरवता येत नाही ना भिया. मला पण नाही.

बडोद्याची मावशी: बाहुली केवढ्याला? मला दोन हव्यात, नातीला.