कथेतल्या शिंप्याने ब्लाऊज गुपचूप सैल केला: बरोबर की चूक?

अर्धवट_टाका
एक छोटी कथा लिहिली आहे. मुलीच्या लग्नात घालायचा रेशमी ब्लाऊज बघायला आलेल्या बाई आधीच धास्तावलेल्या आहेत. हुक कसेबसे लागतात आणि त्या आरशासमोर गप्प उभ्या राहतात. शिंपीकाका म्हणतात, "छान बसलाय. एक हुक पक्का करून उद्या देतो." रात्री ते दोन्ही बाजू अर्धा-अर्धा इंच सोडून ब्लाऊज एक इंच सैल करतात. बाईंना पत्ता लागत नाही, दुसऱ्या दिवशी त्या हसतात. शिवणाऱ्यांना हे पटेल का? आणि त्यांनी न सांगणं तुम्हाला आवडलं का?

जुनी_टीप
आधी हिशेब. बाजूची टीप पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरते. ती अर्धा इंच बाहेर सरकवली की पुढे अर्धा, मागे अर्धा, म्हणजे एका बाजूला एक इंच आणि दोन्ही मिळून दोन. तुमच्या काकांनी एक नव्हे, दोन इंच सोडले. काखेखाली चुण्या पडतील आणि बाई पहिला प्रश्न तोच विचारतील. एक इंच हवा असेल तर टीप पाव इंचच सरकवायची.

ब्लाऊजची बाही बहुतेक आधी मुंढ्याला जोडतात आणि मग बाहीच्या तोंडापासून कमरेपर्यंत एकच लांब टीप मारतात. म्हणून रात्रीत हे काम होतं. नवी टीप जुनीच्या बाहेरून आधी मारायची, जुनी नंतर उसवायची. आधी उसवली तर अस्तर आणि रेशीम एकमेकांवरून सरकतात. बाहीच्या तोंडाशी नवी टीप जुन्या टिपेत विरून गेली पाहिजे, नाहीतर दुमडलेला काठ उसवावा लागेल. कमरेच्या दुमडीचा मात्र थोडा भाग उसवून परत हातशिलाई करावीच लागते. घाईत हेच राहून जातं.

आणि माया किती ठेवली होती, ते कथेत आधी येऊ द्या. आत कापडच उरलेलं नसेल तर सोडणार काय?

सुईत_दोरा
बाजू सोडून काय उपयोग? लग्नात हात वर जाणार, अक्षता टाकायच्या, कुणाला ओवाळायचं. काचतं ते काखेत. काकांनी मुंढा अर्धा इंच खोल कापायला हवा होता, पाच मिनिटांचं काम. बाजूला हातही लावायची गरज नाही.

जुनी_टीप
काखेत काचतं हे अर्धं बरोबर. पण मुंढा खोल केला की बाही खाली, बाजूच्या टिपेपाशी जोडली जाते. मग हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो आणि कमरेची पट्टी छातीवर चढते. खोल मुंढ्याचे ब्लाऊज हात खाली असतानाच चांगले दिसतात. शिवाय मुंढा मोठा झाला, बाही तेवढीच राहिली, तर ती बसवायची कशी? कडा खरोखर काखेत रुतत असेल तर पाव इंच खरवडता येतो, त्याहून जास्त नाही.

कापड कमीच पडत असेल तर काखेत छोटा चौकोनी तुकडा घालता येतो. सदऱ्याच्या बगलेत असतो तसा. पण तो दिसतो, गुपचूप होत नाही.

काकांनी नुसतं बघून ओळखलं, असं दाखवायचं असेल तर सुरकुत्या दाखवा. हुकांपासून बाजूकडे आडव्या रेषा ताणल्या असतील आणि दोन हुकांच्या मध्ये फट पडत असेल तर छातीत कमी आहे. रेषा काखेतून तिरक्या निघत असतील तर मुंढ्याची भानगड. दंडाभोवती गोल वळ्या असतील तर नुसती बाही घट्ट. तुमच्या कथेत हुक कसेबसे लागतात, म्हणजे पहिला प्रकार, म्हणजे बाजू सोडणं बरोबर.

काठपदर
टिपेचं झालं. मला न सांगणंच खटकलं. बाईंना वाटणार, आपण होतो तशाच आहोत. पुढच्या वर्षी त्या हाच ब्लाऊज मापाला म्हणून दुसरीकडे देतील. तो शिंपी जुन्या टिपेच्या खुणा पाहून गोंधळेल किंवा अंदाजाने मधलंच माप धरेल. आणि लपवायचं कशासाठी? एक इंच वाढणं ही लाजेची गोष्ट आहे, असं काकांनीच गृहीत धरलं.

अर्धवट_टाका
पण सांगितलं तर कथाच राहत नाही. लग्न दोन दिवसांवर आहे, बाईंना झोप नाही. त्या वेळी "तुम्ही वाढलात" म्हणायचं?

जुनी_टीप
त्या वाढल्याच आहेत कशावरून? धास्तावलेलं माणूस माप देताना श्वास धरतं, पोट आत घेतं, खांदे वर उचलतं. टेप तिथेच वाचला तर घेर इंचभर कमी येऊ शकतो, ब्लाऊज त्याच मापाने शिवला जातो आणि मग बसल्यावर हुक ताणतात. म्हणून काहीतरी बोलत बोलत माप घ्यायचं आणि बाईंनी श्वास सोडला की टेप वाचायचा. टेपखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. ट्रायललाही नुसतं उभं करू नये. खाली बसवावं, दोन्ही हात पुढे घ्यायला सांगावं, पाठ तिथे बोलते.

काठपदर
मग तर सांगायलाच हवं! चूक मापाची आहे, बाईंच्या अंगाची नाही. गप्प राहून काकांनी स्वतःची चूक झाकली आणि वर चांगुलपणाही मिळवला.

गुलबक्षी
इथे विचारू का? माझ्याकडे जुना रेशमी ब्लाऊज आहे, काखेपाशी टिपेजवळ विरलाय. याच पद्धतीने सोडता येईल?

जुनी_टीप
घामाने तिथलं रेशीम कुजतं, नवी टीप तेवढ्याच जागी फाडून टाकेल. आधी आतून पातळ सुती पट्टी लावा, मग बघा. सोडल्यावर जुन्या टिपेची भोकं दिसतील ती वेगळीच. वाफेची इस्त्री आणि नखाने उलट-सुलट घासणं, एवढाच उपाय, आणि रेशमावर तो पूर्ण लागू पडत नाही. रंग उडालेला असेल तर जुन्या टिपेच्या आतलं कापड गडद पट्टी होऊन बाहेर येतं.

काठपदर, तुमचा मुद्दा पटतो, पण पूर्ण नाही. गिऱ्हाईक घाबरलेलं असताना "माझं माप चुकलं" म्हटलं तरी ते ऐकतं, "ब्लाऊज बिघडला" असं.

सुईत_दोरा
भोकं दिसणार असतील तर "पत्ता लागत नाही" हे कसं टिकेल? नव्या ब्लाऊजवरही पाव इंचावर भोकांची रांग राहतेच.

अर्धवट_टाका
हाताखाली असते ना ती जागा. पण ठीक, बाईंना दिसू दे. शेवट बदलतो: लग्नानंतर इस्त्री करताना त्यांना आतली भोकांची रेषा सापडते. पाव इंचाचं दुरुस्त केलंय. माप घेताना बाई श्वास धरतात, तेही आता सुरुवातीलाच आहे. काका मात्र गप्पच राहतील.

काठपदर
राहू देत. पण वहीत नवा आकडा लिहून ठेवतील की नाही, तेवढं तरी लिहा.

जुनी_टीप
आकडा नको. वहीत त्या मापाशेजारी 'श्वास धरतात' असं लिहितील.

काठपदर
आणि वही त्यांच्या मुलाने उघडली तर?