शब्दचर्चा: ओसाड गाव, महसुली गाव आणि तालुक्यातल्या गावांचा न जुळणारा आकडा

शिवारफेरी: आमच्या तालुक्याची माहिती एका जागी गोळा करतोय आणि पहिल्याच ओळीवर अडकलोय, ती म्हणजे तालुक्यात एकूण गावं किती. जनगणनेच्या पुस्तिकेत एक आकडा, पंचायत समितीकडे त्याहून कमी, तहसीलच्या यादीत तिसराच. त्यात जनगणनेत काही नावांपुढे लोकसंख्याच नाही, निर्जन म्हणून नोंद. माणूसच राहत नसेल तर त्याला गाव का म्हणायचं? आणि ओसाड, उजाड, बेचिराख हे सगळं एकच की वेगवेगळं?

भाऊ_पाटसकर: सोप्पं आहे. जिथे ग्रामपंचायत ते महसुली गाव, बाकी सगळ्या वाड्या-वस्त्या. ओसाड गावं जुन्या काळची, नावं फक्त यादीत राहिलीत, सरकारने ती कधीच रद्द केलेली असतात. तुम्ही ग्रामपंचायतींचा आकडा धरा आणि मोकळे व्हा.

काळी_पांढरी: भाऊ, असं करू नका हो, सगळी माहिती चुकेल. भूमी अभिलेखमधे नोकरी झाली माझी म्हणून जरा सविस्तर लिहितो. महसुली गाव ठरतं ते शिवेवरून, घरांवरून नाही. मोजणी झालेली हद्द, स्वतःचा गावनकाशा, स्वतःचा आकारबंद आणि स्वतःचे सर्व्हे किंवा गट नंबर एवढं असलं की झालं महसुली गाव. जुने लोक काळी आणि पांढरी म्हणायचे, काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. पटकी आली, प्लेग आला, पाणी आटलं, दरोड्यांची भीती वाढली, अशा कारणांनी लोक उठून शेजारच्या गावात गेले की पांढरी ओस पडायची पण काळी चालूच राहायची, कारण जमीन कसणारे तेच आणि सारा भरणारे पण तेच. त्यामुळे नोंद रद्द वगैरे काही होत नाही, सातबारा आजही त्याच गावाच्या नावाने निघतो. जाऊन बघितलंत तर बहुतेक वेळा एखादं मारुतीचं देऊळ, बुजलेली विहीर आणि खापरांचे तुकडे पडलेला पांढऱ्या मातीचा उंचवटा एवढंच दिसेल, पण नकाशावर ते पूर्ण गाव आहे. जनगणनावाले महसूल खात्याचीच गावयादी घेऊन निघतात म्हणून ही गावं त्यांच्याकडे पण येतात. 2011 ला राज्यात साधारण 41 हजार वस्तीची गावं होती आणि वर 2,700 च्या आसपास निर्जन. ग्रामपंचायती मात्र 28 हजारांच्या आतबाहेर, कारण गट ग्रामपंचायतीत दोन-तीन किंवा जास्त महसुली गावं एकत्र असतात. मग पंचायतींचा आकडा गावांचा म्हणून कसा चालेल?

वऱ्हाडी_ठेचा: आमच्या इकडे विदर्भात अशा गावाला रिठी म्हणतात, नावातच असते, अमुक रिठी. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. आजोबांचं शेत ऑनलाइन सातबाऱ्यावर सापडतच नाही, राहतो त्या गावाच्या नावाखाली गट नंबर टाकला तर भलत्याच माणसाचं नाव येते. कोणी जमीन लाटली की काय म्हणून घरात सगळे घाबरले आहेत.

काळी_पांढरी: घाबरू नका भाऊ. शेत बहुतेक शेजारच्या रिठीच्या शिवारात असेल. जुनी साऱ्याची पावती किंवा खरेदीखत काढा, त्यावर मौजा काय लिहिलाय ते बघा आणि साइटवर गावाच्या यादीत तेच नाव निवडा, राहता ते गाव नाही. एकच गट नंबर दोन्ही गावांत असू शकतो, म्हणून दुसऱ्याचं नाव दिसतंय.

वऱ्हाडी_ठेचा: सापडलं! रिठीच्याच नावाखाली होतं, आजोबांचं नाव जसंच्या तसं. आभारी आहे काका.

मुळामुठा: मी हवेली तालुक्यातली, आमच्याकडे तर ओसाडाचा प्रश्नच नाही, उलट माणसं मावत नाहीत तरी आकडा जुळत नाही. फुरसुंगीचंच घ्या. 2011 च्या जनगणनेत फुरसुंगी गावांच्या यादीत नाहीच, ते शहरांमधे धरलंय. लोकसंख्या 5 हजारांच्या वर, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि कामकरी पुरुषांतले 75 टक्के शेतीबाहेर, एवढं जमलं की जनगणना त्या गावाला शहर म्हणते, मग तिथे नगरपालिका असो नसो. तेव्हा फुरसुंगीत ग्रामपंचायतच होती, म्हणजे पंचायत समितीच्या हिशोबात ते गाव. 2017 ला 11 गावं पुणे महापालिकेत गेली त्यात फुरसुंगी पण गेलं, ग्रामपंचायत संपली, पंचायत समितीच्या यादीतून नाव गेलं. मग 2024 मधे उरुळी देवाचीसोबत बाहेर काढून दोघांची वेगळी नगरपरिषद केली. आणि एवढं सगळं होत असताना सातबाऱ्यावर मौजे फुरसुंगी, तालुका हवेली हे काही बदललं नाही. आता सांगा ते गाव धरायचं की नाही.

भाऊ_पाटसकर: बरं हे पटलं. पण मग केशवनगर? तिथे ग्रामपंचायत होती, ते पण महसुली गाव असणार ना.

मुळामुठा: नाही ना, तिथे बरोब्बर उलटं आहे. केशवनगरला ग्रामपंचायत होती पण जमीन मौजे मुंढव्याची. मुंढव्याचा बराच भाग आधीच महापालिकेत होता, जो बाहेर राहिला तिथे केशवनगरची पंचायत. साडेसतरानळीचं पण तसंच, ती हडपसरची. म्हणजे पंचायतींच्या यादीत ही दोन नावं जास्तीची दिसणार आणि महसुली यादीत शोधाल तर मिळणारच नाहीत. 2021 ला आणखी 23 गावं महापालिकेत गेली, त्यात सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक मुळशीची, त्यामुळे फरक एकट्या हवेलीत नाही पडला, मुळशीच्या आकड्यात पण पडला.

रातांबा: कोकणात एका महसुली गावात दहा-बारा वाड्या असतात, दोन वाड्यांमधे अर्धा तास चालायला लागतं, आणि मुंबईकर वाडीलाच माझं गाव म्हणतात. असे आकडे धरले तर तालुका केवढा होईल!

शिवारफेरी: मग मी नेमकं लिहू काय?

काळी_पांढरी: आकड्यासोबत तो कशाचा आहे आणि कुठल्या तारखेचा आहे हे लिहा. 2011 च्या जनगणनेसाठी हद्दी 31 डिसेंबर 2009 ला गोठवल्या होत्या, त्यानंतर झालेला बदल त्या पुस्तिकेत सापडणार नाही. महसूल अधिनियमाच्या कलम 4 खाली शासन नवं गाव करू शकतं, दोन गावं एकत्र करू शकतं, आणि ते अधूनमधून होत असतं. तीन याद्या शेजारी ठेवा, जे नाव तिन्ही याद्यांत नाही त्याला खूण करा. ते नाव फक्त जनगणनेत आणि तहसीलमधे असेल तर ओसाड निघण्याची शक्यता जास्त किंवा गट ग्रामपंचायतीतलं धाकटं गाव, फक्त पंचायतीत असेल तर केशवनगरसारखं. खुर्द-बुद्रुक मात्र जपून, ती दोन वेगळी गावं असतात, लोक एकच समजून एकदाच मोजतात.

मुळामुठा: आणि आदिवासी भागातला तालुका असेल तर अजून एक यादी लागेल. 2014 च्या पेसा नियमांनी पाड्याला पण स्वतःची ग्रामसभा असलेलं वेगळं गाव म्हणून जाहीर करता येतं, पण त्याने तो पाडा महसुली गाव होत नाही.

शिवारफेरी: खूण करत बसलो होतो, एक विचित्र केस मिळाली. जनगणनेत गावात माणसं दाखवलीत, पण शेजारच्या गावातले म्हातारे म्हणतात ते गाव त्यांच्या आजोबांपासून ओसाडच आहे.

काळी_पांढरी: गावठाण ओसाड असेल पण शिवारात कोणी शेतात घर बांधून राहत असेल. त्या हद्दीत एक कुटुंब जरी मोजलं गेलं तरी जनगणनेत ते वस्तीचं गाव. 2001 ची पुस्तिका मिळाली तर तिथे काय लिहिलंय ते बघा.

रातांबा: म्हणजे शेतघरं असलेलं गाव ओसाड म्हणायचं की नाही? मला तर म्हातारे बरोबर वाटतात, पांढरी नाही तर गाव कसलं.

भाऊ_पाटसकर: मला उलट वाटतं, चूल पेटते तिथे गाव. आणि बेचिराखचं राहिलंच की, बे-चिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते, हे मी ऐकलंय. मग ते ओसाडच झालं ना?

काळी_पांढरी: चिराग बरोबर आहे, फारसीतून आलेला शब्द, जुन्या दप्तरात बेचिराख मौजे असं सरळ ओसाड गावालाच लिहितात. आज आपण जाळून-लुटून उद्ध्वस्त केलेल्याला बेचिराख म्हणतो, पण दप्तरात तो शब्द दिसला म्हणून गाव जाळलं होतं असं धरू नका. उजाडबद्दल मराठवाड्यातल्या कोणी लिहा, तिकडे कागदावर कुठला शब्द येतो ते मला बघायचंय.