मदत हवी आहे: दोन डिस्कचं मिररिंग म्हणजेच बॅकअप असं आमचे सर म्हणतात, त्यांना कसं पटवू?

खतावणी
नमस्कार मंडळी. सांगलीत एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात ९ वर्षं काम करतोय. ऑफिसात ७ कॉम्प्युटर, सगळ्यांचा टॅली डेटा एका छोट्या नॅसवर, त्यात ४-४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ ला म्हणजे मिररिंगला लावलेल्या. कॉम्प्युटरचं कुणी वेगळं माणूस नाही त्यामुळे ते काम माझ्याच गळ्यात.

झालं असं की १४ जुलैला आमच्याकडच्या एका मुलीला एका हार्डवेअरवाल्या पार्टीचा मागच्या वर्षीचा डेटा बघायचा होता, तिने जुना टॅली बॅकअप रिस्टोर केला, पण तो वेगळ्या फोल्डरला न घेता चालू डेटाच्याच पाथवर घेतला आणि टॅलीने विचारलं तेव्हा Yes दाबलं. एप्रिलपासूनच्या सगळ्या एंट्र्या गेल्या. मी सरांना म्हटलं बॅकअप नाहीये, तर सर शांतपणे म्हणाले, "अरे दुसऱ्या डिस्कवर असेल की, ती काढून लाव." लावली. तिच्यावर पण तेच. सर म्हणाले तुला काढता आलं नसेल नीट.

विक्री भरलेल्या जीएसटीआर-१ वरून उचलली, खरेदी २बी वरून, बँक स्टेटमेंटवरून, पण कॅश आणि जर्नल व्हाउचर कागद बघून परत मारावी लागली. दोन माणसं पाच दिवस. ३बी २० तारखेला संध्याकाळी गेलं.

सरांचा विश्वास उगाच नाहीये हे पण सांगतो. २०२२ ला एक डिस्क खरंच गेली होती, मी नवीन आणून लावली, रात्रभरात तयार झाली आणि ऑफिस एक मिनिट बंद पडलं नाही. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात "आपल्याकडे दोन कॉप्या आहेत" हे पक्कं बसलंय. त्यांना कसं समजावू, आणि खर्च फार न करता काय करू?

बुलेटवाला
तुमच्याकडे ४ आणि ४ म्हणजे ८ टीबी पाहिजे, ४ च दिसते म्हणजे सेटिंग चुकलंय. दोन्ही एकत्र करा, ८ मिळेल, मग अर्ध्यात डेटा आणि अर्ध्यात बॅकअप ठेवा. नवीन काही घ्यायला नको.

जुना_अ‍ॅडमिन
खतावणी, वरचं करू नका हां. तसं एकत्र केलं तर दोनपैकी कुठलीही एक डिस्क गेली की मोठाच भाग किंवा सगळंच जातं. बुलेटवाला, त्यांना जागा कमी पडत नाहीये, प्रश्न वेगळा आहे.

तुमचे सर अर्धे बरोबर आहेत आणि म्हणूनच पटवणं अवघड जातंय. २०२२ ला जे झालं ते मिररिंगने करायचं काम होतं आणि त्याने ते चोख केलं. डिस्क मेली तरी ऑफिस चालू राहिलं पाहिजे, एवढ्यासाठीच ते असतं. पण नॅसला जी एंट्री लिहायला सांगाल ती तो त्याच क्षणी दोन्ही डिस्कवर लिहितो. ती एंट्री चांगली की चुकीची हे त्याला कळत नाही. मुलीने Yes दाबलं तेव्हा जुना डेटा दोन्हीकडे एकदमच बसला. दुसऱ्या डिस्कवर कालचा डेटा कधीच नव्हता, आत्ताचाच होता. बॅकअप म्हणजे कालवर परत जाता आलं पाहिजे, आणि मिररमध्ये काल नसतोच.

समजावून सांगण्यात वेळ घालवू नका, करून दाखवा. नॅसवर "चाचणी" नावाचं फोल्डर करा, त्यात सरांनाच एक वर्ड फाइल त्यांच्या हाताने सेव्ह करायला सांगा, मग त्यांनाच डिलीट करायला सांगा. रिसायकल बिन चालू असेल तर त्यातूनही काढा. आणि म्हणा, आता दुसऱ्या डिस्कवरून परत आणू.

आधी एक बघा, दोन्ही डिस्क खरंच चालू आहेत का. नॅसमध्ये एसएसएचने जाऊन `cat /proc/mdstat` मारा आणि काय येतं ते टाका.

मंदार_चिंचवड
आम्ही एक मस्त करतो. तिसरी डिस्क घेतलीय. दर शनिवारी नॅसमधली एक डिस्क ओढून काढायची, घरी न्यायची, तिच्या जागी घरची आणलेली लावायची. सोमवारी सकाळपर्यंत मिरर तयार. घरी आठवड्याची कॉपी आपोआप. दोन वर्षं चाललंय, काही त्रास नाही.

जुना_अ‍ॅडमिन
मंदार, कॉपी ऑफिसच्या बाहेर जातेय हे तुम्ही बरोबर करताय, बरीच मंडळी तेवढंही करत नाहीत. पण पद्धत मला पटत नाही. डिस्क काढली की नॅस एका पायावर. नवीन लावली की पूर्ण ४ टीबी वाचून लिहायचे, त्यात डेटा २० जीबी असला तरी साधा मिरर बहुतेक वेळा पूर्णच लिहितो. सेकंदाला १५० एमबी धरले तर साडेसात तास, त्यातच ऑफिसचं काम चालू असेल तर आणखी लांबतं. तेवढा वेळ उरलेली एकच डिस्क रगडली जाते, आणि तिच्यात कुठे न वाचता येणारा सेक्टर असेल तर तो नेमका तेव्हाच सापडतो. तुम्ही हा प्रसंग वर्षातून ५२ वेळा मुद्दाम ओढवून घेताय.

आणि ओढताना कुणाचं टॅली उघडं असेल तर ती कंपनी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत घरी जाते. घरी नेलेली डिस्क एकदा तरी दुसरीकडे लावून उघडून पाहिलीय का?

मंदार_चिंचवड
उघडून नाही पाहिली. शनिवारी सगळे गेल्यावर काढतो पण, टॅली बंदच असतं. मला तरी एवढी भीती वाटत नाही, पण उघडून बघतो.

कृष्णाकाठ
खतावणी दादा, तुम्ही सांगलीचे म्हणून लिहितोय. आमचं दुकान तळमजल्यावर, ऑगस्ट २०१९ चा पूर. आम्ही सगळा माल वर हलवला, वह्या हलवल्या, आणि नॅसचा तो छोटा डबा टेबलाखाली तसाच राहिला. पाणी उतरल्यावर उघडला तर आत गाळ. दोन्ही डिस्क एकाच डब्यात, एकाच पाण्यात. एक तरी वाचेल म्हणून मी आठवडाभर त्या वाळवत बसलो होतो. वडिलांची १२ वर्षांची उधारी त्यात होती, निम्मी लोकांनी स्वतःहून येऊन सांगितली म्हणून मिळाली. तुमचं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे?

खतावणी
तळमजला. २०१९ ला आमच्याकडे नॅस नव्हता, कॉम्प्युटर उचलून सरांच्या घरी नेले होते.

कमांड मारली, हे आलं:

```
md2 : active raid1 sda3[0] sdb3[1]
      3902187456 blocks super 1.2 [2/2] [UU]
```

आणि एक राहिलं सांगायचं. १४ तारखेच्या प्रकारानंतर मी एक १ टीबीची यूएसबी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावून रोज रात्री ९ ला `robocopy /MIR` ने टॅलीचं फोल्डर कॉपी करायला टास्क शेड्युलरमध्ये टाकलंय. म्हणजे आता बॅकअप झाला ना? फक्त टास्क फेल होतोय, फोल्डर रिकामंच.

जुना_अ‍ॅडमिन
[UU] म्हणजे दोन्ही डिस्क हजर. [U_] दिसलं असतं तर एक बाहेर पडलीय असं समजा. ईमेलचा इशारा मात्र चालू करून ठेवा, एक डिस्क गेलेली महिनोन्महिने कुणाला कळत नाही असे डबे मी पाहिलेत.

आता /MIR. हे तुम्ही रात्रीचं मिररिंगच केलंय. जे मूळ फोल्डरमधून गेलं ते /MIR यूएसबीवरूनही काढून टाकतं, आणि बिघडलेली फाइल चांगल्या फाइलवर घालतं. १४ तारखेची चूक त्याच दिवशी रात्री ९ च्या आत लक्षात आली असती तर वाचलात, दुसऱ्या दिवशी आली असती तर नाही. म्हणून रोजचं फोल्डर वेगळं, तारखेच्या नावाचं. टॅलीचा डेटा किती आहे सगळा?

खतावणी
सगळ्या पार्ट्यांचा मिळून १८ जीबी.

जुना_अ‍ॅडमिन
मग ३० दिवसांचे ५४० जीबी, तुमच्या १ टीबीत आरामात बसतात. ३० दिवसांपूर्वीची काढत चला, पण प्रत्येक महिन्याच्या शेवटाची एक वर्षभर ठेवा. आणखी १२ म्हणजे २१६ जीबी, तरीही जागा उरते.

टास्क फेल होतोय कारण तुम्ही Z: वापरला असणार. मॅप केलेली ड्राइव्ह ती तुमच्या लॉगिनपुरती असते, लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला ती दिसत नाही. पूर्ण पत्ता द्या आणि नॅसचा पासवर्ड त्याच युजरच्या नावाने सेव्ह करून ठेवा:

```
robocopy \\NAS\tally E:\Bkp\2025-07-28 /E /R:2 /W:5 /LOG:E:\Bkp\log.txt
```

तारीख रोज बदलायची ती छोट्या बॅच फाइलमध्ये घ्या. टास्कच्या निकालात 0x1 दिसलं तर घाबरू नका, रोबोकॉपीच्या भाषेत त्याचा अर्थ फाइल कॉपी झाल्या. ८ आणि वर आलं तर काहीतरी राहिलंय, लॉग बघा. ९ वाजता सगळ्यांचं टॅली बंद हवं, एक जरी उघडं राहिलं तरी त्या कंपनीची कॉपी भरवशाची नाही.

अशा दोन यूएसबी डिस्क घ्या. एक लावलेली, एक सरांच्या घरी, शुक्रवारी अदलाबदल. लावलेली डिस्क कायम लावून ठेवली तर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या की तीही जाते, घरची वाचते.

सीए_रोहिणी
तुमच्या पार्ट्यांमध्ये प्रायव्हेट लिमिटेड असतील तर अजून एक. कंपनी कायद्याच्या नियमांत २०२२ ला झालेल्या दुरुस्तीनंतर कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोज ठेवायचा नियम आहे. प्रोप्रायटर, भागीदारीला तो लागू नाही. घरी नेलेली यूएसबी डिस्क त्यात "सर्व्हर" म्हणून चालते की नाही यावर आमच्या ऑडिटवाल्यांचीच एकवाक्यता नाही, मी तरी त्या पार्ट्यांचं भारतातल्या क्लाउडवर पण ठेवते.

खतावणी
काल चाचणी केली. सरांनी स्वतः फाइल बनवली, "मुख्य" नाव दिलं, डिलीट केली. मी नॅस बंद करून पहिली डिस्क काढली, फक्त दुसरीवर चालू केला आणि फोल्डर उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. रिकामं. सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे त्या मुलीचं दोन्हीकडे गेलं होतं." मला त्यांनी सॉरी म्हटलं नाही पण चहा मागवला. काढलेली डिस्क परत लावल्यावर मिरर तयार व्हायला रात्र गेली, सकाळी [UU] आलं तेव्हा बरं वाटलं.

दुसरी यूएसबी डिस्क घ्यायला हो म्हणाले. घरी न्यायला मात्र तयार नाहीत, पार्ट्यांचे पॅन आणि बँकेचे आकडे घरी कसे ठेवायचे, हरवली तर जबाबदार कोण असं म्हणतात. क्लाउडला पण त्याच कारणाने नाही.

जुना_अ‍ॅडमिन
सरांची ही शंका अगदी योग्य आहे. डिस्कला बिटलॉकर लावा, विंडोज प्रो असेल तर यूएसबीलाही लागतं, पासवर्डशिवाय कुणाला काही दिसणार नाही. रिकव्हरी की कागदावर लिहून त्या डिस्कजवळ न ठेवता दुसरीकडे ठेवा. आणि पहिल्या शुक्रवारी एक करा, घरून आलेल्या डिस्कवरचं एक फोल्डर टॅली असलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा, कंपनी उघडा आणि त्या दिवसाची ट्रायल बॅलन्स जुळते का बघा. हे एकदा जुळल्याशिवाय मी तरी त्याला बॅकअप म्हणणार नाही.

खतावणी
विंडोज होम आहे माझ्या कॉम्प्युटरवर. सरांचा लॅपटॉप प्रो आहे, त्यावरून डिस्क कुलूपबंद करून माझ्याकडे पासवर्डने उघडता येईल का?

जुना_अ‍ॅडमिन
हो, होमवर लावता येत नाही पण लावलेली उघडते आणि लिहिताही येतं. अडचण एवढीच की शुक्रवारी डिस्क बदलल्यावर आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केल्यावर कुणीतरी पासवर्ड टाकून ती उघडून ठेवायला हवी, नाहीतर ९ चा टास्क परत रिकामा जाईल.

मंदार_चिंचवड
घरची डिस्क लावून पाहिली. नॅसशिवाय नुसत्या विंडोजवर ती दिसतच नाही, फॉरमॅट करू का विचारते. आता काय करू?

जुना_अ‍ॅडमिन
फॉरमॅटला नाही म्हणा आणि डिस्क काढून ठेवा. ती लिनक्सची आहे, विंडोजला कळत नाही एवढंच. नॅसचं मॉडेल टाका, उद्या बघू.